मुलीची फी १५ जुलैला, मुलाची ऑक्टोबरअखेर : शाळेच्या कार्यालयाला खुले पत्र

प्रति,
मा. मुख्याध्यापिका, मोठे बाबू आणि फी काउंटरवरील कर्मचारी
प्रत : पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती

नागपूर, दि. ६ जुलै २०२६

विषय : दोन पाल्यांचे वार्षिक शुल्क दोन हप्त्यांत भरण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदया / महोदय,

आधी मागणी सांगते, कारण नंतर. माझी मुलगी नववीत आहे आणि मुलगा पाचवीत. मुलीची वर्षाची फी ३६,४०० रुपये, मुलाची ३२,००० रुपये, मिळून ६८,४०० रुपये. आपल्या सूचनेप्रमाणे ही सगळी रक्कम १५ जुलैपर्यंत भरायची आहे. मी १५ जुलैच्या आत ३६,४०० रुपये, म्हणजे मुलीची पूर्ण फी भरते. मुलाचे ३२,००० रुपये ३१ ऑक्टोबरच्या आत भरते. मधल्या काळात मुलाच्या नावावर विलंब आकार चढू नये, त्याला चाचणीला किंवा पहिल्या सत्राच्या परीक्षेला अडवू नये आणि ही परवानगी मला लेखी मिळावी, एवढंच मागणं आहे. फी माफ करा किंवा कमी करा असं मी म्हणत नाही.

नावं, तुकड्या आणि कागद घातलेला अर्ज मी बंद पाकिटात वेगळा दिला आहेच. हे पत्र खुलं लिहिते आहे ते दोन कारणांनी. काउंटरच्या रांगेत माझ्यासारखे आणखी पालक उभे असतात आणि प्रत्येकाला मिळणारं उत्तर त्या दिवशी खिडकीत कोण बसलंय यावर ठरतं. शिवाय मी स्वतः हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत उधारी वसुलीचं काम बघते. दिवसभर लोकांना फोन करून "पैसे कधी देता" हे विचारणं हीच माझी नोकरी आहे. त्यामुळे तुमच्या खिडकीच्या आतल्या बाजूची अडचण मला कळते आणि बाहेरच्या बाजूने काय मागावं हेही कळतं.

आता कारण. जून महिन्यात मुलांच्या बाबांचा रिंग रोडवर अपघात झाला. गाडी घसरली, नडगीचं हाड मोडलं, ऑपरेशन करून आत रॉड टाकावा लागला. ते घरगुती वायरिंग आणि फिटिंगची कामं घेतात, म्हणजे दिवस शिडीवर जातो. डॉक्टरांनी तीन महिने शिडीचं नाव काढायचं नाही असं बजावलं आहे. रस्त्यावरच्या लोकांनी त्यांना जवळच्या दवाखान्यात नेलं, ते योग्यच केलं. पण त्या दवाखान्याचं नाव ना माझ्या कंपनीच्या पॉलिसीच्या कॅशलेस यादीत होतं, ना सरकारी योजनेच्या. फीसाठी म्हणून बँकेत बाजूला ठेवलेले ७०,००० रुपये त्याच रात्री दवाखान्याचं डिपॉझिट म्हणून गेले. पूर्ण बिल १,६४,००० रुपये झालं. उरलेली रक्कम माझ्या दिरांनी आणि माझ्या ऑफिसने उचल म्हणून दिली. घरात सध्या माझा एकटीचा पगार येतो, त्यातून जमवून जमवून १५ जुलैपर्यंत ३६,४०० उभे राहतात. त्यापुढे नाहीत.

काउंटरवर मला सुचवण्यात आलं की "विम्याचा क्लेम पास झाला की भरतो, असं लिहून द्या, विषय संपला." सुचवणारे भाऊ चांगल्या मनाने बोलत होते. पण मी तसं लिहून देणार नाही, आणि इतर पालकांनीही देऊ नये असं मला वाटतं. कॅशलेस नसलं की आधी आपण पैसे भरायचे आणि मग कागद पाठवून परत मागायचे. कंपनीने किती दिवसांत निर्णय द्यायचा याची मुदत ठरलेली असते. पण ती मोजली जाते शेवटचा आवश्यक कागद त्यांच्या हातात पडल्यापासून, आणि शेवटचा कागद कोणता हे आपल्याला आधी कधीच कळत नाही. डिस्चार्ज कार्ड, बाबनिहाय बिल, पैसे भरल्याच्या मूळ पावत्या, एक्स-रे, रद्द केलेला चेक हे सगळं दिलं की वाटतं झालं. मग चौकशी येते की अपघात आहे, तर एमएलसीची, म्हणजे दवाखान्याने पोलिसांसाठी केलेल्या अपघाताच्या नोंदीची, प्रत द्या. ती दिली की विचारतात, रॉडचं स्टिकर कुठे आहे?

हे स्टिकर माझ्या हातात आलं तेव्हा मला खरंच नवल वाटलं. शरीरात जो रॉड आणि जे स्क्रू टाकतात, त्यांच्या खोक्यावर आकार आणि बॅच नंबर छापलेलं बोटभर स्टिकर असतं. ऑपरेशन थिएटरमध्ये ते काढून केसपेपरवर चिकटवतात. विमा कंपनीला ते आणि रॉडचं वेगळं बिल दोन्ही लागतात, कारण बिलात "इम्प्लांट" म्हणून लावलेली रक्कम कोणत्या वस्तूची हे त्याशिवाय सिद्ध होत नाही. आणि केसपेपर असतो दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये, आपल्याला मिळतं फक्त डिस्चार्ज कार्ड. तिथला माणूस सुट्टीवर असला की क्लेम तेवढे दिवस जागच्या जागी. असा पैसा सप्टेंबरात येईल की डिसेंबरात, हे मी कोणत्या तोंडाने लिहून देऊ? आणि तो आला की आधी दिरांचे परत करायचे आहेत. शाळेचा हप्ता मी त्यावर ठेवलेलाच नाही.

माझ्या कामात मला रोज दोन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतो, "देतो ना मॅडम, समोरच्याकडून आले की लगेच देतो." दुसरा म्हणतो, "अमुक तारखेला माझी एक ठेव सुटते, त्यातून एवढे देतो." पहिल्याची मी वहीत तारीख लिहीत नाही, कारण त्याने ती दिलेलीच नसते. दुसऱ्याची लिहिते, आणि ती बहुतेक वेळा खरी निघते. शाळेच्या कार्यालयानेही अर्ज वाचताना हेच बघावं. किती दुःख सांगितलं आहे हे न बघता पैसा कुठून येणार आणि कोणत्या तारखेला, ते बघावं. म्हणून माझ्या दुसऱ्या हप्त्याचा पैसा कुठून येणार ते उघड सांगते.

माझी पोस्टात पाचशे रुपये महिन्याची पाच वर्षांची आरडी आहे. १२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली, तेव्हा दर ५.८ टक्के होता आणि तोच दर पाचही वर्षं राहतो. १२ ऑक्टोबर २०२६ ला ती पूर्ण होते आणि हातात ३४,८०० रुपयांच्या आसपास येतात. मुलाची फी ३२,०००. म्हणजे दुसरा हप्ता त्यातून पूर्ण निघतो आणि त्यासाठी कोणाचा क्लेम पास होण्याची, कोणाला बोनस मिळण्याची वाट बघावी लागत नाही. अर्जासोबत पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स जोडली आहे, तिच्यावर तारीख स्पष्ट दिसते.

यावर साहजिक प्रश्न येईल, आणि मोठ्या बाबूंनी तो विचारलाही, की मग आरडी आताच का नाही मोडत? हिशेब करून बघितला. पोस्टाची आरडी तीन वर्षांनंतर मुदतीआधी बंद करता येते, पण मग व्याज बचत खात्याच्या दराने, म्हणजे ४ टक्क्यांनी मिळतं. आजवर ५७ हप्ते भरले आहेत, २८,५०० रुपये. आता बंद केली तर व्याजासह एकतीस हजारांच्या थोडे वर मिळतील, म्हणजे मुलाची फीसुद्धा पूर्ण होत नाही. आणखी तीन हप्ते, दीड हजार रुपये भरून ऑक्टोबरपर्यंत थांबले तर चौतीस हजार आठशे. भरलेले दीड हजार वजा केले तरी दोन हजारांहून थोडं जास्तच नुकसान आता मोडण्यात आहे. आरडीवर कर्ज मिळतं, पण ते जमा रकमेच्या निम्म्यापर्यंतच, आणि आरडीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त व्याजाने. चौदा हजारांत बत्तीस हजारांची फी भरली जात नाही.

आता विलंब आकाराचं बघू. आपल्या सूचनेत लिहिलं आहे, मुदतीनंतर दर विद्यार्थ्यामागे रोज २० रुपये. ऐकायला २० रुपये काहीच वाटत नाहीत, सीताबर्डीवर प्लेटभर तर्रीपोहेही येणार नाहीत तेवढ्यात. पण १५ जुलैपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत १०८ दिवस होतात. १०८ गुणिले २०, म्हणजे २,१६० रुपये. ३२,००० रुपयांवर साडेतीन महिन्यांसाठी २,१६० म्हणजे वर्षाला जवळजवळ २३ टक्के व्याज झालं. आमची कंपनी पैसे बुडवायला बसलेल्या डीलरलाही १८ टक्के लावते. गंमत म्हणजे आरडी मोडली तरी दोन हजार जातात आणि न मोडता थांबले तरी दोन हजारच जातात. शाळेने विलंब आकार सोडला तरच ते घरात राहतात, आणि तेवढ्यात मुलाची दोन्ही सत्रांची वह्या-पुस्तकं येतात.

या रोजच्या २० रुपयांत आणखी एक गोम आहे, आणि ती माझ्या एकटीपुरती नाही. हा आकार बाकी किती आहे ते बघत नाही. ज्याचे ३२,००० बाकी त्यालाही २० आणि ज्याचे २,००० बाकी त्यालाही २०. समजा एखाद्या रिक्षावाल्या पालकाकडे ऑगस्टमध्ये दहा हजार जमले. ते घेऊन तो काउंटरवर आला तर त्याला सांगितलं जातं की सॉफ्टवेअर अर्धी रक्कम घेत नाही, पूर्ण आणा. घेतलीच तरी दंड तेवढाच चालू राहतो. मग तो ते दहा हजार शाळेला का देईल? ते घरात पडून राहतात आणि घरात पडलेला पैसा कुठे जातो ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या धंद्यात हे फार जुनं झालं आहे. थोडे थोडे भरणाऱ्याचा भार प्रत्येक भरण्यागणिक हलका होताना त्याला दिसला नाही, तर तो थोडे थोडे भरणं बंद करतो आणि मग वर्षाच्या शेवटी पूर्ण रक्कम अंगावर येते. शाळेची थकबाकी मार्चमध्ये एकदम फुगते त्याचं एक कारण हेच असावं, असा माझा अंदाज आहे. दंड लावायचाच असेल तर तो बाकी रकमेवर टक्क्याने लावा, म्हणजे भरलं तेवढं कमी झालेलं दिसेल.

सॉफ्टवेअरचा प्रश्न मी माझ्यापुरता असा सोडवला आहे की दोन हप्त्यांचे दोन पूर्ण विद्यार्थीच केले. मुलीची फी पूर्ण, एक पावती. मुलाची फी पूर्ण, दुसरी पावती. कोणाच्याच खात्यात अर्धी रक्कम पडत नाही, त्यामुळे तुमच्या संगणकाला तक्रार करायला जागा नाही. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "मग दोघांचे निम्मे-निम्मे कशाला मागत होता आधी?" पहिल्या अर्जात ते तसंच होतं, हे खरं. पण निम्मे-निम्मे केलं असतं तर दोन्ही मुलं थकबाकीच्या यादीत दिसली असती. आता एकच दिसेल.

आणि ते एक मूल मुलगाच का, तेही स्पष्ट सांगते, कारण मागून कोणी सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. पाचवीतला मुलगा २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या वयात बसतो. त्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही आणि कलम १७ मुलाच्या मानसिक छळालाही मनाई करतं. नववीतल्या मुलीला तो आधार नाही. म्हणून जिच्यामागे कायदा उभा नाही तिची फी आधी भरते आहे. शाळा माझ्या मुलाला काढणार आहे असं मला वाटत नाही, तशी शंकाही नाही. पण आई म्हणून हिशेब करताना सगळ्यात वाईट शक्यता धरूनच करावा लागतो. तुम्हीही वार्षिक अंदाजपत्रक करताना तसंच करत असाल.

ज्यांना एकच मूल आहे त्यांना ही युक्ती चालणार नाही, हे मला कळतं. त्यांच्यासाठी फी संगणकात दोन सत्रांच्या दोन वेगळ्या बिलांत पाडावी लागेल. हे अशक्य आहे असं म्हणू नका. कोरोनाच्या काळात, ८ मे २०२० च्या शासन निर्णयात, शाळांनी वर्षाची फी एकरकमी न मागता मासिक किंवा तिमाही भरण्याचा पर्याय द्यावा असं म्हटलं होतं. तो निर्णय पुढे कोर्टात गेला, संस्थांचं आणि शासनाचं बरंच काही झालं, त्या वादात मी पडत नाही. माझा मुद्दा इतकाच की त्या वर्षी आपल्याच शाळेने हप्ते पाडून घेतले होते, पावत्या माझ्या फाइलमध्ये आहेत. म्हणजे संगणकाला ते जमतं. कोणी तरी आत जाऊन ती सोय चालू करायची असते एवढंच.

फी किती असावी यावर या पत्रात मी एक शब्द लिहिलेला नाही. ती ठरवायला २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे आणि त्याखाली पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती आहे. पण समितीच्या बैठकीत फीचा आकडा मंजूर होताना ती कशी भरायची, एखाद्या घरात अपघात, मृत्यू किंवा मोठं आजारपण आलं तर काय करायचं, हे कोणी विचारत नाही. म्हणून पत्राची प्रत समितीला दिली आहे.

पुढच्या तारखेच्या चेकबद्दल. मोठ्या बाबूंनी ३१ ऑक्टोबरचा चेक आताच लिहून मागितला. मी देते, पण तारीख २६ ऑक्टोबर टाकून देते, आणि त्याचं कारण आहे. आरडी १२ ला पूर्ण होते, पण पैसे त्याच दिवशी माझ्या बँकेत येत नाहीत. पासबुक आणि फॉर्म देऊन खातं बंद करायचं, रक्कम पोस्टाच्या बचत खात्यात येणार, तिथून बँकेत न्यायची. मध्ये नवरात्र, दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर येणारी गर्दी, शहरातले बंद केलेले रस्ते, बँकांच्या सुट्ट्या. १२ पासून २६ पर्यंतचे दोन आठवडे त्यासाठी धरले आहेत. २६ ला सोमवार आहे, त्या दिवसापासून ३१ तारखेपर्यंत तो कधीही बँकेत टाका.

मात्र हा चेक सगळ्या पालकांकडून सरसकट मागू नका. चेक न वटला तर दोन्हीकडची बँक शुल्क कापते, आणि कलम १३८ चा रस्ता उघडतो. शाळेने तीस दिवसांत नोटीस पाठवायची, पालकाला पैसे द्यायला पंधरा दिवस, नाही तर कोर्ट. आमच्या कंपनीत हे प्रकरण कोणाच्या तरी टेबलावर नेहमी पडलेलं असतं आणि ते सुटायला लागणारा वेळ आणि वकिलाची फी पाहता मूळ रक्कम कित्येकदा विसरूनच जावीशी वाटते. ज्याची कमाई रोजची आहे, किंवा शेतीवर आहे आणि कापूस विकल्यावर पैसा येतो, त्याला तारखेचा चेक मागणं म्हणजे त्याला आजच खोटं लिहायला लावणं आहे. त्याच्याकडून साध्या कागदावर रक्कम आणि महिना लिहून घ्या. ज्याचा पगार ठरलेला आहे किंवा ज्याची ठेव सुटणार आहे, त्याच्याकडून चेक घ्यायला हरकत नाही.

कागदांचं एक राहिलं. काउंटरवर "दवाखान्याची पूर्ण फाइल जोडा" असं सांगितलं जातं. मूळ कागद विमा कंपनीकडे जातात, त्यामुळे शाळेला ते देता येत नाहीत आणि तुम्ही मागूही नयेत. मी डिस्चार्ज कार्डच्या पहिल्या पानाची आणि अंतिम बिलाची झेरॉक्स दिली आहे. अपघात झाला, ऑपरेशन झालं, एवढा खर्च आला, हे त्यात दिसतं. माणसाला आणखी कोणता आजार आहे, रक्तात साखर किती आहे, हे शाळेच्या कार्यालयाला कळण्याचं कारण नाही. आमच्या बाबतीत लपवण्यासारखं काही नाही, पण एखाद्या घरात असू शकतं. आणि अर्जाच्या फाइली काउंटरवर उघड्या पडलेल्या असतात हे तुम्ही-आम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे.

फी बाकीची चिठ्ठी मुलाच्या हातात देऊ नका. गेल्या वर्षी दुसऱ्या तुकडीत प्रार्थनेनंतर बाकीवाल्यांची नावं वाचली गेली, हे मुलांनीच घरी येऊन सांगितलं. वाचणाऱ्या सरांना कार्यालयाने यादी दिली होती, त्यांनी ती वाचली, बहुधा दुसऱ्या कोणत्या विचाराने नाही. पण पाचवीतल्या मुलाला बाबांचा पाय आणि शाळेची बाकी या दोन गोष्टींचा संबंध लगेच जोडता येतो. तो सध्या बाबांच्या पलंगाशेजारी बसून गृहपाठ करतो, आणि कोणी दार वाजवलं की आधी त्यांच्या कुबड्या जवळ आहेत का ते बघतो. मला फोन करा, संदेश पाठवा, कार्यालयात बोलवा. माझं ऑफिस सहाला सुटतं, पण शनिवारी मी सकाळी येऊ शकते.

आता परवानगीबद्दल. ती तोंडी नको. "ठीक आहे, सांगतो मी आत" यावर मी समाधानी होऊन परत गेले, तर ऑक्टोबरात परीक्षेच्या दिवशी वर्गात जाणाऱ्या यादीत मुलाचं नाव असेल, कारण यादी संगणक काढतो आणि तोंडी बोलणं संगणकात जात नाही. खिडकीतला माणूस तोपर्यंत बदललेलाही असेल. मला वेगळं पत्र नको. माझ्याच अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, "३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत मंजूर, विलंब आकार नाही" ही एक ओळ, मुख्याध्यापिका बाईंची सही आणि शाळेचा शिक्का पुरे. आणि त्याच दिवशी मुलाच्या खात्यात संगणकावर भरण्याची तारीख बदलून टाका, म्हणजे दंड आपोआप चढणार नाही. नंतर चढलेला दंड काढायला संस्थेच्या अध्यक्षांची सही लागते असं मी ऐकलं आहे. ती मिळवायला पालकापेक्षा तुम्हालाच जास्त त्रास होईल.

मंजूर होणार नसेल तर तेही लेखी सांगा, कारणासह. मग मी कार्यकारी समितीकडे जाईन. रागाने नाही, तो पुढचा रस्ता आहे म्हणून. आणि ३१ ऑक्टोबर शाळेला फार लांब वाटत असेल, पण १५ ऑक्टोबर चालत असेल, तर तसं सांगा. मी पोस्टात जाऊन दोन दिवसांत पैसे फिरवता येतात का ते विचारून बघेन. १२ ऑक्टोबरच्या आधीची कोणतीही तारीख मात्र मी देऊ शकत नाही. त्या तारखेचा पैसा माझ्याकडे नाही आणि नसलेल्या पैशाची तारीख मी ऑफिसात लोकांकडून घेत नाही, तर शाळेला कशी देऊ?

मुलीची फी भरायला मी १३ जुलैला, सोमवारी सकाळी काउंटरवर येते आहे. ३६,४०० रुपयांचा डीडी सोबत असेल. त्याच वेळी मुलाच्या अर्जावरचं उत्तर मिळालं तर मला पुन्हा अर्धा दिवस रजा टाकावी लागणार नाही. मुलांच्या बाबांना दवाखान्यात न्यायला रजा लागतातच, त्या तशाही संपत आल्या आहेत.

आपली,
नववी आणि पाचवीतल्या दोन विद्यार्थ्यांची आई
मानेवाडा, नागपूर

सोबत : डिस्चार्ज कार्डचे पहिले पान (झेरॉक्स), दवाखान्याचे अंतिम बिल (झेरॉक्स), पोस्टाच्या आरडी पासबुकाचे पहिले पान (झेरॉक्स), दि. २६ ऑक्टोबर २०२६ चा ३२,००० रुपयांचा चेक, आणि आवक शिक्क्यासाठी अर्जाची दुसरी प्रत.